राउटर तुमचा, खाते कोणाचे?

नव्या राउटरच्या खोक्यात आता सीडी नसते आणि जाड पुस्तिकाही नसते. एक छोटे कार्ड असते, त्यावर क्यूआर कोड छापलेला असतो आणि अ‍ॅप उतरवून घ्या एवढीच सूचना असते. ज्या घरात लॅपटॉप नाही त्या घरासाठी ही मोठी सोय झाली आहे. पूर्वी ज्यासाठी इंटरनेटवाल्याच्या माणसाची वाट पाहत बसावे लागे, ते काम आता हातातल्या फोनवर अर्ध्या तासात उरकते. मात्र अ‍ॅप उघडले की सुरुवातीलाच ईमेल आणि पासवर्ड मागितला जातो. बहुतेक जण तो देऊन पुढे जातात, कारण खाते उघडल्याशिवाय वाय-फाय सुरू होणारच नाही असे त्यांना वाटते.

पुष्कळ राउटरांच्या बाबतीत तसे नसते. राउटर चालू करणे हे एक काम आहे, आणि कंपनीच्या सर्व्हरवर खाते उघडून राउटर त्या खात्याला जोडणे हे दुसरे. अ‍ॅपमध्ये ही दोन्ही कामे एकापाठोपाठ येतात, त्यामुळे ती एकच वाटतात. माझा सल्ला असा, की पहिले काम खात्याशिवाय पुरे करा, घरात नेट चालू होऊ द्या आणि खात्याचा निर्णय त्यानंतर सवडीने घ्या.

हे शक्य आहे की नाही हे मात्र राउटर विकत घेतानाच ठरते. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टीपी-लिंकचेच उदाहरण घेऊ. या एकाच कंपनीत दोन प्रकार आहेत. आर्चर मालिकेतले राउटर ‘टेदर’ नावाच्या अ‍ॅपवरून चालतात. त्यांत टीपी-लिंकचे खाते ऐच्छिक असते, आणि अ‍ॅप नको असेल तर ब्राउझरमध्ये उघडणारे राउटरचे स्वतःचे पानही असते. डेको हे दोन-तीन डबे घरभर ठेवून वापरायचे मेश राउटर. त्यांची मांडणी ‘डेको’ अ‍ॅपवरूनच करावी लागते आणि तिथे खात्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुगलचे वाय-फाय राउटर आणि अ‍ॅमेझॉनच्या मालकीचे ईरो यांचेही तसेच आहे, आधी खाते आणि मग राउटर. म्हणून दुकानात किमतीआधी एक प्रश्न विचारा: ब्राउझरमधून याची सगळी सेटिंग करता येतात का? दुकानदाराला सांगता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहितीपुस्तिका मिळते. तिच्यात ब्राउझरमधून लॉगिन करण्याचे प्रकरण आहे की नाही एवढे पाहिले तरी कळते.

पुढचे सगळे आर्चर आणि टेदर डोळ्यांपुढे ठेवून सांगतो. इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये शब्द बदलतील, पण क्रम साधारण हाच राहील.

जुना राउटर काढण्याआधी एक माहिती हाताशी असू द्या: तुमच्या घरात इंटरनेट कसे येते? फायबर असेल तर भिंतीवर कंपनीचा एक छोटा डबा असतो, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. काही घरांत हा डबाच कंपनीशी लॉगिन करतो. मग नव्या राउटरला काहीच सांगावे लागत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये Dynamic IP निवडले की झाले. दुसऱ्या घरांत, विशेषतः स्थानिक केबलवाल्याकडून जोडणी असेल तिथे, लॉगिनचे काम राउटरकडे असते. त्यासाठी PPPoE हा पर्याय निवडून इंटरनेटवाल्याने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड टाकावे लागतात. हे दोन शब्द बहुतेकांच्या घरी कुठेही लिहून ठेवलेले नसतात, ते फक्त जुन्या राउटरच्या पोटात असतात. म्हणून जुना राउटर रीसेट करण्याआधी किंवा मोडीत काढण्याआधी ते फोन करून मागून घ्या. त्याच फोनवर दोन गोष्टी आणखी विचारा. व्हीएलएएन क्रमांक द्यावा लागतो का, आणि जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधलेली आहे का? मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाचा जन्मजात क्रमांक. काही ठिकाणी तोच ओळखून नेट सोडले जाते. नवा राउटर लावल्यावर सगळे बरोबर भरूनही नेट येत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. इंटरनेटवाल्याला नवा क्रमांक कळवला की काम होते, किंवा राउटरमधल्या MAC Clone या पर्यायात जुन्या राउटरवर छापलेला क्रमांक भरता येतो.

आता जोडणी. ओएनटीतून किंवा केबलवाल्याकडून आलेली लॅन केबल नव्या राउटरच्या WAN लिहिलेल्या भोकात घाला. हे भोक सहसा वेगळ्या रंगाचे असते. वीज द्या आणि दोनेक मिनिटे थांबा. तेवढ्यात अ‍ॅप उतरवून घ्या, तेही खोक्यातल्या क्यूआर कोडवरून. प्ले स्टोअरवर नाव टाकून शोधायला गेलात, तर मिळत्याजुळत्या नावाची आणि चिन्हाची जाहिरातींनी भरलेली अ‍ॅप वर येतात. ती राउटर बनवणाऱ्या कंपनीची नसतात.

राउटर उलटा करा. तळाच्या चिकटपट्टीवर त्याच्या वाय-फायचे मूळ नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. फोन त्या वाय-फायला जोडा. इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात. राउटरला अजून नेट मिळालेले नसते, म्हणून फोन म्हणतो, ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही’, आणि न विचारता मोबाइल डेटाकडे वळतो. फोनवर वाय-फायचे चिन्ह दिसत असते, पण अ‍ॅप राउटरला हाक मारते ती मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून, आणि राउटर सापडत नाही. मग माणूस राउटर बंद-चालू करत बसतो, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतो, आणि शेवटी राउटरच खराब निघाला असे म्हणतो. उपाय सोपा आहे. मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा, आणि ‘इंटरनेट नसले तरी याच वाय-फायवर राहू का’ असे फोनने विचारले तर हो म्हणा.

अ‍ॅप काही परवानग्याही मागेल. त्यातली लोकेशनची परवानगी पाहून लोक बिचकतात, आणि बिचकणे रास्तच आहे. कारण असे, की आसपासच्या वाय-फायच्या नावांवरून तुम्ही कुठे आहात हे ओळखता येते. म्हणून अँड्रॉइड वाय-फायचे नाव वाचायलाही लोकेशनची परवानगी मागते. ब्लूटूथवर चालणाऱ्या मांडणीसाठी अँड्रॉइडच्या ११ पर्यंतच्या आवृत्त्यांतही ती लागते. १२ पासून त्यासाठी ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आली. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ नावाची परवानगी विचारली जाते, ती नाकारली तर राउटर सापडणारच नाही. तेव्हा मांडणीपुरती परवानगी द्या, ‘अ‍ॅप वापरताना’ किंवा ‘फक्त या वेळी’ एवढीच. काम झाल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी काढून टाका. राउटर रोज चालण्याशी तिचा काही संबंध नाही.

खात्याचा पडदा आला की घाई करू नका. लॉग इन आणि साइन अप या मोठ्या बटणांच्या आसपास, बहुधा फिकट अक्षरांत, Skip किंवा Local अशा शब्दांचा पर्याय असतो. त्यावर बोट टेकवा. मग अ‍ॅप तुम्हाला राउटरसाठी एक पासवर्ड ठरवायला सांगेल. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे. वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यालाही सांगता येतो. राउटरचा पासवर्ड ज्याच्याकडे असेल तो तुमचा वाय-फाय पासवर्ड बदलू शकतो, कोणते उपकरण जोडलेले आहे ते पाहू शकतो आणि कोणालाही बाहेर काढू शकतो. दोन्ही एकच ठेवू नका. लांब ठेवा आणि वहीत लिहून वही कपाटात ठेवा. घरातली वही ही यासाठी चांगली जागा आहे. चोर तुमच्या राउटरचा पासवर्ड शोधायला कपाट उघडत नाही.

त्यापुढे अ‍ॅप जोडणीचा प्रकार विचारेल. आधी विचारून ठेवले असल्यामुळे Dynamic IP की PPPoE हे तुम्हाला माहीत असेल. मग वाय-फायचे नवे नाव आणि पासवर्ड. नावात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक घालू नका. ते नाव रस्त्यावरच्या कोणालाही दिसते. शेवटी जतन करा. त्या क्षणी फोनचे वाय-फाय तुटते, कारण जुने नावच नाहीसे झालेले असते. हा बिघाड नव्हे. फोनच्या यादीत नवे नाव शोधा, नव्या पासवर्डने जोडा आणि अ‍ॅप पुन्हा उघडा. सुरुवातीलाच राउटरच्या नव्या आवृत्तीची सूचना दिसली तर ती घ्या, आणि ते चालू असताना वीज बंद करू नका. खाते नसले तरी आवृत्ती अद्ययावत करता येते. फक्त अधूनमधून अ‍ॅप उघडून पाहण्याची सवय ठेवावी लागते.

एवढ्यावर राउटर पूर्ण चालतो. आता एक परीक्षा घ्या. WAN मधली केबल काढा आणि घरातल्या वाय-फायवरूनच अ‍ॅप उघडा. नेट नाही, तरी राउटर अ‍ॅपमध्ये उघडला, जोडलेली उपकरणे दिसली, सेटिंग बदलता आली, तर राउटरचा ताबा घरातच आहे. अ‍ॅप लॉग इन करा म्हणून अडून बसले, तर ताबा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतो आहे. केबल परत लावा आणि उलटी परीक्षा घ्या: फोनचे वाय-फाय बंद, मोबाइल डेटा चालू. आता अ‍ॅपमध्ये राउटर दिसला, तर तो कोणत्या तरी खात्याला जोडलेला आहे.

खात्याला जोडला म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. राउटर कंपनीच्या सर्व्हरशी स्वतःहून एक जोडणी उघडतो आणि ती कायम धरून ठेवतो. तुम्ही पुण्यात बसून नाशिकच्या घराचे वाय-फाय अ‍ॅपमध्ये पाहता, तेव्हा तुमचा फोन थेट घराशी बोलत नसतो. फोन सर्व्हरला विचारतो, सर्व्हर त्या उघड्या जोडणीतून राउटरला विचारतो आणि उत्तर तुमच्यापर्यंत आणतो. जोडणी आतून बाहेर गेलेली असल्यामुळे घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसला तरी हे चालते, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडण्यांना तसा पत्ता नसतोच. सोय खरी आहे. त्या सोयीपोटी कंपनीकडे जाणारी माहितीही तितकीच खरी आहे.

कोणती माहिती? तुमचा ईमेल, घर ज्या आयपी पत्त्यावरून बाहेर दिसते तो पत्ता, राउटरचे मॉडेल आणि क्रमांक, वाय-फायचे नाव हे उघडच. त्याहून बोलकी असते ती जोडलेल्या उपकरणांची यादी. फोन स्वतःची नावे सांगतात, टीव्ही आपली कंपनी सांगतो, कॅमेरा कॅमेरा म्हणून दिसतो, आणि प्रत्येकासमोर तो आता जोडलेला आहे की नाही हेही दिसते. याशिवाय मुलांवर लक्ष ठेवण्याची किंवा धोकादायक संकेतस्थळे अडवण्याची सुविधा चालू केलीत, तर कोणत्या उपकरणाने कोणती संकेतस्थळे उघडली हेही राउटरला पाहावे लागते, आणि बहुधा ते नोंदलेही जाते. पाहिल्याशिवाय ती सुविधा चालूच शकत नाही. या नोंदीतला किती भाग राउटरमध्ये राहतो आणि किती बाहेर जातो, हे त्या सुविधेच्या स्वतंत्र अटींत लिहिलेले असते. त्या अटी राउटरच्या अटींपेक्षा वेगळ्या असतात आणि बहुधा सुविधा चालू करतानाच पुढे येतात. तेव्हा वाचा.

भीती वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बँकेच्या पानावर तुम्ही काय लिहिले, व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोललात, हे राउटरला वाचता येत नाही. ते फोनवरच कुलूपबंद होऊन निघते. राउटरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. पण घरात कोण किती वाजता असते हे सांगायला पत्ता आणि वेळ पुरतात.

नाशिकच्या माझ्या आत्याच्या घरी हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. ती एकटी राहते. इंटरनेटवाल्याकडचा मुलगा येऊन नवा राउटर लावून गेला. अ‍ॅप त्याने स्वतःच्या फोनवर उतरवले, राउटर स्वतःच्या खात्याला जोडला आणि जाताना म्हणाला, “काकू, काही अडलं तर घरी यायचीसुद्धा गरज नाही, माझ्या फोनवरून बघून देईन.” त्याच्या मनात वाईट काही होते असे मला वाटत नाही. बरेच जण असेच करतात, कारण मग किरकोळ तक्रारीसाठी चकरा मारायला लागत नाहीत. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. आत्याचा फोन, हॉलमधला टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा ही तिन्ही नावे त्या मुलाच्या फोनवर दिसत होती. सकाळी फिरायला जाताना आत्याचा फोन वाय-फायमधून निघतो आणि परतल्यावर पुन्हा जोडला जातो, हेही. तो नोकरी सोडून गेला असता तरी राउटर त्याच्या खात्यातच राहिला असता.

हे उघडकीला आले ते तिच्या मुलाने पुण्याहून आईचे वाय-फाय पाहता यावे म्हणून स्वतःच्या खात्यात राउटर घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा. राउटर आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे, असा निरोप आला. आत्याकडे राउटरचा पासवर्डही नव्हता. तोही राउटर लावणाऱ्या मुलानेच ठरवलेला होता. मग आम्ही क्रमाने गेलो. आधी इंटरनेटवाल्याच्या ऑफिसला फोन करून PPPoE चे युजरनेम-पासवर्ड मागून घेतले, कारण रीसेट केल्यावर ते पुसले जाणार होते. ते हाती आल्यावर राउटरच्या मागचे रीसेटचे बारीक बटण टाचणीने दिवे बदलेपर्यंत दाबून धरले. राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला, आणि आधीचे खातेही त्यावरून निघाले. आत्याच्याच फोनवरून, खाते न उघडता, वर सांगितल्याप्रमाणे मांडणी केली. शेवटी ब्राउझरमध्ये राउटरचे पान उघडून TP-Link ID या भागात कोणाचेही नाव उरलेले नाही हे डोळ्यांनी पाहिले.

तुमच्या घरी राउटर दुसऱ्या कोणी लावला असेल, तर एवढी तपासणी आज करा. घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हा पत्ता टाका:

```
http://192.168.0.1
```

काही राउटरांचा पत्ता 192.168.1.1 असतो, डेकोचा 192.168.68.1, चिकटपट्टीवर किंवा फोनच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’ म्हणून तो दिसतो. चिकटपट्टीवर अंकांऐवजी tplinkwifi.net सारखे नाव छापलेले असले तरी मी आकडेच टाकायला सांगतो. २०१६ मध्ये टीपी-लिंकने tplinklogin.net या आपल्याच नावाचे नूतनीकरण केले नाही आणि ते तिसऱ्याच कोणाच्या हाती गेले. तोवर ते नाव कितीतरी राउटरांच्या तळाशी छापून झाले होते. फोन चुकून मोबाइल डेटावर असेल, तर असे नाव बाहेरच्या इंटरनेटवर उघडते. आकडे उघडले नाहीत तर नुसतेच उघडत नाहीत. पासवर्ड मागणाऱ्या परक्या पानावर ते नेत नाहीत. पान उघडले की TP-Link ID या भागात परके नाव नाही ना, ते पाहा.

क्लाउडचे खाते कुठे उलटू शकते, याची तीन उदाहरणे सांगतो, आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेची आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगलच्या खात्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि काही घरांतले गुगल वाय-फाय राउटर आपोआप रीसेट झाले. घरातले यंत्र ठीक होते, तारा ठीक होत्या, तरी लोकांना सगळी मांडणी नव्याने करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटी या कंपनीच्या क्लाउडमध्ये बदल करताना हजाराहून अधिक खाती चुकून दुसऱ्या खात्यांशी जोडली गेली, आणि काही लोकांच्या फोनवर परक्या घरांच्या कॅमेऱ्यांच्या सूचना येऊ लागल्या. या दोन्ही प्रकारांत कोणी हॅकर नव्हता. एका ठिकाणची चूक हजारो घरांत एकाच वेळी पोचते, हा या रचनेचाच गुण आहे.

तिसरे उदाहरण मांडणीशी थेट निगडित आहे. २०२४ मध्ये बेल्जियममधल्या ‘टेस्टआनकोप’ या ग्राहक संघटनेने प्रसिद्ध केले, की लिंक्सिसच्या व्हेलॉप मालिकेतले दोन राउटर मांडणीच्या वेळी वाय-फायचे नाव आणि पासवर्ड अमेरिकेतल्या सर्व्हरकडे उघड्या अक्षरांत पाठवतात. ज्यांनी ते घेतले होते त्यांना संघटनेने सल्ला दिला, की नाव आणि पासवर्ड बदला, पण अ‍ॅपमधून न बदलता ब्राउझरमधल्या पानावरून बदला. हा सल्ला मला सगळ्याच राउटरांना लागू करावासा वाटतो. मांडणी अ‍ॅपवरून झाली असली आणि खाते जोडलेले असले, तरी वाय-फायचा पासवर्ड राउटरच्या पानावरून एकदा बदलून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, फक्त त्यानंतर घरातली सगळी उपकरणे नव्याने जोडावी लागतात. म्हणून ते पहिल्याच दिवशी केलेले बरे.

तरीही खाते घेण्याला खरे कारण असू शकते. आत्याच्या मुलाला ते होते. आई फोन करून “नेट चालत नाही रे” म्हणाली, की राउटर जोडलेला आहे की बाहेरूनच नेट आलेले नाही, हे त्याला पुण्यातून पाहायचे होते. आम्ही मग खाते घेतले, पण ते आत्याच्या नावाने, तिच्या ईमेलवर, आणि तिच्या फोनवरूनच राउटर त्याला जोडला. मुलाला त्या खात्याचा पासवर्ड देण्याऐवजी अ‍ॅपमधल्या व्यवस्थापक जोडण्याच्या सोयीतून त्याचे स्वतःचे खाते दुय्यम म्हणून जोडले. त्यामुळे ताबा आईकडे राहिला, आणि वाटले तर ती मुलाचेही नाव काढू शकते. ही सोय सगळ्या मॉडेलांत नसते. नसेल तर खाते घरात राहणाऱ्या माणसाचेच असावे, हे पथ्य पाळा.

खाते उघडताना बँकेला आणि सरकारी कामांना दिलेला ईमेल वापरू नका. अशा यंत्रांसाठी एक वेगळा ईमेल पत्ता काढून ठेवा. ‘गुगलने लॉग इन करा’ असे सोपे बटण दिसले, तरी वेगळा पासवर्डच ठरवा. नाहीतर तुमच्या मेलचा ताबा ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे घरचे वाय-फायही जाते. दुहेरी पडताळणीची सोय दिली असेल तर चालू करा. नंतर अ‍ॅपच्या ‘अबाउट’ किंवा ‘प्रायव्हसी’ भागात जा. User Experience Improvement Program अशा नावाचा एक पर्याय तिथे असतो, म्हणजे तुमच्या वापराची माहिती कंपनीला सुधारणेसाठी पाठवण्याची संमती. मांडणीच्या भरात आपण ती देऊन बसलेलो असतो. तो बंद केल्याने राउटरचा वेग कमी होत नाही आणि कोणतीही सुविधा जात नाही. जाहिरातींच्या सूचनाही तिथेच बंद करता येतात.

इंटरनेट कंपनीनेच दिलेला राउटर असेल, तर मात्र वरचे सगळे अर्धेच लागू पडते. अशा राउटरमध्ये कंपनीला दुरून सेटिंग बदलता येतील अशी यंत्रणा आधीपासून असते, टीआर-०६९ हे तिचे तांत्रिक नाव. ती ग्राहकाच्या खात्यावर अवलंबून नसते आणि बहुधा ग्राहकाला बंदही करता येत नाही. ज्यांना ते नको आहे त्यांनी कंपनीच्या डब्याचे वाय-फाय बंद करून त्याच्यापुढे आपला राउटर लावावा. मग कंपनीच्या डब्याला घरातली दहा उपकरणे दिसत नाहीत, एकच राउटर दिसतो. यात दोन राउटर एकामागे एक येतात, त्यामुळे काही ऑनलाइन खेळांना आणि बाहेरून पाहायच्या काही कॅमेऱ्यांना अडचण येऊ शकते. ती आली, तर कंपनीला आपला डबा ब्रिज मोडमध्ये टाकून द्यायला सांगा आणि PPPoE ची माहिती मागून घ्या.

राउटर विकायचा असेल, कोणाला द्यायचा असेल किंवा दुरुस्तीला टाकायचा असेल, तर क्रम चुकवू नका. आधी अ‍ॅपमध्ये राउटर खात्यातून काढा. अ‍ॅपमध्ये त्याला Unbind किंवा Remove म्हणतात. मग राउटरचे बटण दाबून रीसेट करा. नुसते अ‍ॅप फोनवरून उडवले तर सर्व्हरवरचे खाते तसेच राहते आणि राउटरही त्याला जोडलेलाच राहतो. घेणाऱ्याला तो आपल्या खात्यात घेता येत नाही, आणि त्याच्या घरातली उपकरणे तुमच्या खात्यात दिसू शकतात. त्या कंपनीचे दुसरे काही वापरत नसाल, तर खाते हटवण्याचा पर्याय अ‍ॅपमधल्या खात्याच्या सेटिंगमध्ये शोधा. खाते हटवण्याआधी राउटर त्यातून निघालेला आहे, एवढी खात्री करून घ्या, कारण खातेच गेल्यावर राउटर सोडवायचा एक रस्ता बंद होतो.